अनुभव प्रमाणपत्र कसं लिहावं: पद आणि कालावधी नेमका, शिफारस नाही, ठपका नाही

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या एमआयडीसीतल्या लहान कारखान्यात ‘एचआर’ नावाचा वेगळा विभाग सहसा नसतो. हजेरी, पगार, पीएफ आणि बँकेची कामं बघणारा एकच माणूस असतो आणि अनुभवाचा दाखलाही त्याच्याच टेबलावर येतो. मग इंटरनेटवरचा एखादा नमुना उतरवला जातो, किंवा जुन्या दाखल्याच्या फाइलमध्ये नुसतं नाव बदललं जातं. त्या नमुन्यातल्या ‘प्रामाणिक’, ‘मेहनती’, ‘उत्तम चारित्र्याचे’ अशा शब्दांखाली मालकाची सही होते, आणि त्या शब्दांचा पुरावा कुठल्याच रजिस्टरमध्ये नसतो. हा लेख अशा टेबलावर नव्यानं बसलेल्यांसाठी आहे. सरळ राजीनामा देऊन गेलेल्या माणसाचा दाखला फार अवघड नसतो. खरी कसोटी लागते ती माणूस कुरबुर होऊन गेला असेल तेव्हा, म्हणून इथे तसंच प्रकरण घेतलं आहे.

समजा, जळगावच्या एका पीव्हीसी पाइप कारखान्यात एक स्टोअरकीपर होता. 10 जून 2019 रोजी तो लेबर ठेकेदाराच्या हजेरीवर हेल्पर म्हणून आला. 1 एप्रिल 2020 पासून कारखान्याच्या स्वतःच्या हजेरीपटावर स्टोअर असिस्टंट झाला आणि 1 जुलै 2022 पासून स्टोअरकीपर. ऑगस्ट 2024 मध्ये स्टॉक मोजला तेव्हा 25 किलोच्या 40 पिशव्या, म्हणजे एक टन रेझिन कमी निघालं. चौकशी झाली नाही, पोलिसांत तक्रार दिली नाही, नुसती बोलाचाली झाली. त्यानं राजीनामा दिला आणि 14 सप्टेंबर 2024 हा त्याचा कामाचा शेवटचा दिवस ठरला. आता त्याला सुरतेत नोकरी मिळते आहे आणि तिथे अनुभवाचा दाखला मागितला आहे. मालक म्हणतात, “माल कमी निघाला म्हणून काढलं, असं लिहा.” प्रॉडक्शन मॅनेजरला त्याची दया येते. तो म्हणतो, “भाऊ, लेकराबाळांचा माणूस आहे, जरा चांगलंच लिहून द्या.” दोघांचंही ऐकायचं नाही.

आधी कागद काढा, मग मजकूर

टाइप करण्यापूर्वी पाच गोष्टी टेबलावर घ्या: नेमणूकपत्र, बढतीचं किंवा पद बदलल्याचं पत्र, हजेरीपट, पगारपत्रक आणि राजीनाम्याचं पत्र स्वीकृतीसह. त्यानंतर पीएफच्या नोंदीतली रुजू होण्याची आणि सोडल्याची तारीख बघा. कर्मचाऱ्याला ती त्याच्या यूएएन खात्यात `Service History` या पानावर दिसते. नव्या नोकरीत पडताळणी करणारेही तेच पान मागतात आणि तुमच्या दाखल्याशी ताडून बघतात. दाखल्यावर एक तारीख आणि पीएफमध्ये दुसरी असली, तर संशय त्या उमेदवारावर येतो, चूक तुमच्या ऑफिसची असली तरी.

ही तफावत बहुतेक वेळा एकाच कारणानं पडते. पगार महिन्याच्या हिशोबानं निघतो, म्हणून पीएफमध्ये सोडल्याची तारीख सवयीनं महिनाअखेरची टाकली जाते. आपल्या प्रकरणात शेवटचा दिवस 14 सप्टेंबर, पण पीएफमध्ये 30 सप्टेंबर पडलेली असू शकते. अशा वेळी दाखल्याची तारीख पीएफशी जुळवून घेऊ नका. हजेरीपट आणि राजीनाम्याच्या स्वीकृतीप्रमाणे जो शेवटचा दिवस असेल तोच लिहा. पीएफमधली तारीख मालक आणि कर्मचारी यांच्या संयुक्त घोषणेनं दुरुस्त करून घेता येते. ते काम दाखल्याबरोबरच सुरू करून द्या.

नाव आधार आणि पीएफमध्ये जसं आहे तसंच, अक्षरानं अक्षर लिहा. खानदेशात हा घोळ बराच होतो. कारखान्यात सगळे ‘भैय्या’ किंवा ‘नाना’ म्हणून ओळखतात, हजेरीपटावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, आणि पाटील-चौधरी इतके की वडिलांचं नाव नसेल तर माणूस ओळखू येत नाही. पूर्ण नावाखाली कर्मचारी क्रमांक टाका. आधार क्रमांक किंवा जन्मतारीख दाखल्यावर टाकायची गरज नाही.

कालावधी: दयेपोटी वाढवू नका, रागानं कापू नका

सगळ्यात महागात पडणारी चूक तारखांची असते. आपला स्टोअरकीपर म्हणेल, “मी तर 2019 पासून इथेच आहे, सलग लिहा.” त्याच्या दृष्टीनं ते खरं आहे, गेट तेच आणि काम तेच. पण 10 जून 2019 ते 31 मार्च 2020 या काळात तो ठेकेदाराचा कामगार होता, पगार ठेकेदार देत होता. तुमच्या लेटरहेडवर 2019 पासूनचा कालावधी लिहिलात, तर तो त्या काळातही तुमचाच कामगार होता अशी लेखी कबुली होते.

तिचा परिणाम आकड्यांत बघा. ग्रॅच्युइटीला साधारणपणे पाच वर्षांची सलग सेवा लागते. 1 एप्रिल 2020 ते 14 सप्टेंबर 2024 ही सेवा चार वर्षं साडेपाच महिन्यांची होते. 10 जून 2019 पासून धरली तर तीच पाच वर्षं तीन महिन्यांची होते. शेवटचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून 13,000 रुपये असेल, तर 26 नं भागून दर वर्षामागे 15 दिवसांचे 7,500 रुपये येतात आणि पाच वर्षांचे 37,500 रुपये. दयेपोटी लिहिलेली एक तारीख उद्या या रकमेचा दावा घेऊन येऊ शकते. शिवाय त्याच ठेकेदाराच्या बाकी माणसांनाही वाट दिसते: याला कारखान्यानं आपला मानलं, मग आम्हाला का नाही?

याची दुसरी बाजूही तितक्याच ठामपणे पाळायची आहे. तो माणूस पहिल्या दिवसापासून तुमच्याच हजेरीवर होता, ठेकेदार नुसता कागदावर होता, तर दाखल्यातून ते दहा महिने उडवून ग्रॅच्युइटी वाचवायची नाही. ती लबाडी आहे, आणि गेटपास, ओव्हरटाइमच्या चिठ्ठ्या, बँकेतल्या नोंदी यांवरून ती उघडी पडते. ठेकेदाराकडच्या काळाचा दाखला ठेकेदारानं द्यायचा असतो. कंत्राटी कामगारांच्या 1971 च्या केंद्रीय नियमांतच, काम संपल्यावर ठेकेदारानं सेवा दाखला द्यावा अशी तरतूद होती. कामगाराला ठेकेदाराकडे पाठवा, लागलं तर ठेकेदाराला स्वतः फोन करा, पण त्याच्या वतीनं तुम्ही सही करू नका.

मधल्या रजा, बिनपगारी दिवस, आजारपण हे दाखल्यात येत नाही. ‘एकूण अनुभव सुमारे पाच वर्षे’ असली गोळाबेरीजही नको. ‘पासून’ आणि ‘पर्यंत’च्या तारखा दिल्या की वाचणारा स्वतः मोजतो.

पद आणि काम: प्रत्येक शब्द कुठल्या कागदावर आहे?

पद नेमणूकपत्रात आहे तेच. माणूस रोज ‘स्टोअर इनचार्ज’ म्हणून ओळखला जात असेल, पण पत्रावर ‘स्टोअरकीपर’ असेल, तर दाखल्यावर स्टोअरकीपरच. दोन पदं झाली असतील तर दोन्ही तारखांसह लिहा. नुसतं शेवटचं पद लिहिलं, तर पूर्ण साडेचार वर्षं तो स्टोअरकीपरच होता असा अर्थ निघतो, आणि तो खोटा आहे.

कामाचं वर्णन करताना शिफारस नकळत आत शिरते, ती नीट ओळखायला हवी. ‘आवक मालाची नोंद ठेवणे’ हे काम आहे. ‘आवक मालाची नोंद अचूक ठेवत असत’ हे प्रशस्तिपत्र आहे, आणि एक टन रेझिनच्या वादात तेच तुमच्याविरुद्ध ठेवलं जाईल. ‘स्टोअरची संपूर्ण जबाबदारी स्वतंत्रपणे सांभाळत असत’ या वाक्यात तर दोन दावे आहेत: त्याच्यावर देखरेख नव्हती, आणि तुमचा त्याच्यावर पूर्ण विश्वास होता. मालकांना उद्या वसुलीचा दावा लावायचा झाला, तर समोरचा वकील हाच कागद पहिल्यांदा काढेल. म्हणून क्रियापदं साधी ठेवा: नोंदवणे, मोजणे, देणे, जुळवणे. ‘कुशल’, ‘निपुण’, ‘अचूक’, ‘यशस्वीपणे’ असे शब्द दिसले की खोडा.

मशीनवरच्या माणसांच्या बाबतीत हे जास्तच जपायला लागतं. एक्स्ट्रूडर किंवा चटई विणायच्या लूमवरच्या हेल्परला ‘मशीन चालवण्यात निपुण’ लिहून दिलं आणि पुढच्या कारखान्यानं त्यावर विसंबून त्याला एकट्याला रात्रपाळीत उभं केलं, तर हात जाईल तो त्याचा. डाळ मिल किंवा ऑइल मिलमधल्या बॉयलरजवळ राबणाऱ्या हेल्परला ‘बॉयलर अटेंडंट’ लिहून देणं हाही तसाच प्रकार. बॉयलर चालवायला सक्षमतेचं प्रमाणपत्र लागतं आणि त्या परीक्षेला बसताना अनुभवाचा कागद जोडावा लागतो. तुमचा खोटा शब्द थेट तिथे पोचतो.

चारित्र्याबद्दल एक अक्षरही लिहू नका. ‘त्यांचे चारित्र्य उत्तम आहे’ हे वाक्य जुन्या नमुन्यांत हटकून असतं. कारखान्याला माणसाचे कामाचे आठ तास माहीत असतात, बाकीचे सोळा नाहीत.

सोडण्याचं कारण आणि बदनामीचा धोका

आता मालकांच्या वाक्याकडे वळू: ‘माल कमी निघाल्यामुळे सेवेतून काढले.’ या प्रकरणात ते तीन ठिकाणी चुकतं. त्याला काढलेलं नाही, त्यानं राजीनामा दिला आणि तो तुम्ही स्वीकारला. माल कमी निघाला हे खरं, पण तो त्यानं नेला हे कुठल्याही चौकशीत ठरलेलं नाही. वजनकाट्याची चूक, मिक्सरवर न नोंदवता गेलेला माल, पुरवठादाराकडूनच कमी आलेल्या पिशव्या, काहीही असू शकतं. आणि वाक्यात ‘चोर’ हा शब्द नसला तरी वाचणाऱ्याला तोच अर्थ कळतो. कायदा अशा सूचक लिहिण्यालाही सोडत नाही.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम 356 बदनामीचं आहे. दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, किंवा दोन्ही, किंवा समाजसेवा अशी शिक्षा त्यात आहे. ‘पण ते खरंच आहे ना’ एवढ्यानं फौजदारी खटल्यात सुटका होत नाही. विधान खरं असून ते सार्वजनिक हितासाठी केलं होतं, हे दाखवावं लागतं. आपल्या किंवा दुसऱ्याच्या हिताच्या रक्षणासाठी सद्भावनेनं केलेल्या विधानाला कलमात अपवाद आहे, पण कायद्यातली सद्भावना म्हणजे योग्य काळजी घेऊन केलेली कृती. चौकशीच केली नसेल, तर काळजी घेतली म्हणायला हातात काय आहे? नुकसानभरपाईचा दिवाणी दावा वेगळा. तो एका वर्षाच्या आत लावता येतो, आणि नोकरी हुकल्याचं पत्र हा नुकसानीचा पुरावा होतो.

म्हणजे चोरीचा खरा संशय असेल तर गप्प बसायचं का? नाही. पोलीस ठाण्यात तक्रार द्या किंवा खातेनिहाय चौकशी करा. अधिकार असलेल्यापुढे सद्भावनेनं केलेल्या आरोपाला त्याच कलमात संरक्षण आहे. आरोपाची जागा ती आहे, दाखला नाही. ती वेळ निघून गेली असेल, तर सुरतेच्या मालकाला कागदातून सुचवून उट्टं काढायचा अधिकार उरत नाही.

दाखल्यात सोडण्याचं कारण अजिबात न लिहिणं सगळ्यात बरं. ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत सेवेत होते’ एवढं पुरतं. कोणाला कारण हवंच असेल आणि राजीनाम्याचं पत्र फाइलला असेल, तर ‘राजीनामा दिल्याने’ एवढेच दोन शब्द. राजीनाम्यावरूनच कामगार न्यायालयात वाद चालू असेल, तर वकिलाला दाखवल्याशिवाय तेही लिहू नका.

एक बारीक गोष्ट आहे, ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. न लिहिण्यातूनही अर्थ निघतो, जर बाकी सगळ्यांना तुम्ही लिहून देत असाल तर. चाळीस जणांच्या दाखल्याखाली ‘पुढील वाटचालीस शुभेच्छा’ आणि एकाच्याच खाली नाही, तर पडताळणी करणारा विचारतो की याचं काय बिनसलं? त्यावर उपाय म्हणजे कारखान्याचा एकच नमुना ठरवायचा आणि तो हेल्परपासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना तसाच द्यायचा. ज्याला खरोखर कौतुक करायचं आहे त्या वरिष्ठानं वेगळं शिफारसपत्र स्वतःच्या नावानं, स्वतः पाहिलेल्या कामाबद्दल लिहावं.

तयार मजकूर

वरच्या प्रकरणातला दाखला असा होईल. लेटरहेडवर जावक क्रमांक आणि देण्याची तारीख टाका, मागची तारीख नको.

> अनुभव प्रमाणपत्र
>
> प्रमाणित करण्यात येते की, श्री. (पूर्ण नाव), कर्मचारी क्रमांक ____, हे आमच्या जळगाव एमआयडीसी येथील कारखान्यात दि. 1 एप्रिल 2020 ते दि. 14 सप्टेंबर 2024 या कालावधीत पूर्णवेळ सेवेत होते. या कालावधीतील त्यांची पदे पुढीलप्रमाणे होती.
>
> स्टोअर असिस्टंट : दि. 1 एप्रिल 2020 ते दि. 30 जून 2022
> स्टोअरकीपर : दि. 1 जुलै 2022 ते दि. 14 सप्टेंबर 2024
>
> स्टोअरकीपर या पदावर कच्च्या मालाची आवक नोंदवणे, मागणी चिठ्ठीप्रमाणे उत्पादन विभागाला माल देणे, स्टॉक रजिस्टर लिहिणे आणि मासिक मोजणीत भाग घेणे ही कामे त्यांच्याकडे होती.
>
> हे प्रमाणपत्र कारखान्याच्या नोंदींच्या आधारे, त्यांच्या विनंतीवरून देण्यात येत आहे.
>
> (सही, सही करणाऱ्याचे नाव, हुद्दा, शिक्का)

शेवटच्या ओळीत ‘कंपनी कोणतीही जबाबदारी घेत नाही’ असं जोडायचा मोह होतो. जोडू नका. त्यानं संरक्षण फारसं मिळत नाही, उलट वाचणाऱ्याच्या मनात शंका येते. ‘कोणतेही येणे बाकी नाही’ हे वाक्यही इथे नको. हिशोब मिटल्याचा कागद वेगळा असतो. इथे ते लिहिलं, तर उचल किंवा नोटिशीच्या काळाची वसुली तुम्हीच सोडून दिली असा अर्थ लागेल. आणि उलट, उचल बाकी आहे म्हणून दाखला अडवून धरायचा हेही बरोबर नाही. त्यानं तुमच्याकडे काम केलं ही वस्तुस्थिती उचलीमुळे बदलत नाही.

नोकरी सुरत, वापी किंवा पुण्याकडे असेल तर हाच मजकूर इंग्रजीत द्या, पण तो या मराठी मजकुराला धरून वाक्यागणिक असू द्या. इंग्रजी नमुना उतरवला की सगळी विशेषणं परत येतात. सरकारी भरतीचा ठरलेला नमुना उमेदवार घेऊन आला, तर तुमच्या नोंदीत आहे तेवढेच रकाने भरा आणि ‘वर्तणूक’सारख्या रकान्यात ‘नोंद उपलब्ध नाही’ असं लिहा. कोरा रकाना सोडू नका, तो नंतर कोणीही भरू शकतो.

दाखला दिल्यानंतर फोन येतो, तेव्हा

कागद जपून लिहिला आणि फोनवर सगळं बोलून टाकलं, असं फार वेळा होतं. दाखला त्या माणसाच्याच हातात दिलेला असतो. तिसऱ्या माणसापर्यंत तुमचे शब्द खऱ्या अर्थानं पोचतात ते पडताळणीच्या फोनवर. “साहेब, मोकळेपणानं सांगा, माणूस कसा आहे?” या प्रश्नाला सगळ्यांसाठी एकच उत्तर ठरवून ठेवा: “कंपनीच्या ईमेलवर लिहा, नाव, पद आणि तारखा आम्ही लेखी कळवतो.” पडताळणीच्या फॉर्मात ‘पुन्हा कामावर घ्याल का’ असा रकाना असेल, तर तिथे प्रत्येकासाठी आडवी रेघ मारायची, चांगल्या माणसासाठीसुद्धा. गेटवरचा वॉचमन आणि शॉपफ्लोअरवरचे सुपरवायझर यांनाही सांगून ठेवा की असा फोन ऑफिसकडे द्यायचा.

एमआयडीसीतल्या मालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटोसह ‘याला कामावर घेऊ नका’ असा संदेश टाकणं यापेक्षा वाईट. तो स्क्रीनशॉट होतो, पुढे जातो, आणि कोणी, केव्हा, कोणाला सांगितलं हे तिन्ही पुरावे एकाच चित्रात तयार मिळतात.

दाखल्याची सही केलेली प्रत आणि ज्या कागदांवरून तो लिहिला त्यांच्या झेरॉक्स एका फाइलला लावा, जावक रजिस्टरमध्ये घेणाऱ्याची सही घ्या. दोन-तीन वर्षांनी तोच माणूस दाखला हरवला म्हणून परत येईल. तेव्हा नवा मजकूर लिहायचा नाही. फाइलमधल्या प्रतीवरूनच ‘दुय्यम प्रत’ असा शिक्का मारून द्यायची. मधल्या काळात फर्मची प्रायव्हेट लिमिटेड झाली असेल, तर मूळ मजकूर तसाच ठेवून खाली एक ओळ जोडा: पूर्वीचं नाव काय, आताचं काय, आणि बदल कोणत्या तारखेपासून.